टर्म विमा: जिवंत राहिलेल्यांचे हप्ते जातात कुठे?

पुण्यात टर्म विम्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पण मला काहीच झालं नाही तर? मग भरलेले सगळे पैसे बुडालेच की." कोथरूडच्या सोसायटीत, हिंजवडीच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एजंटलाही हे वाक्य पाठ असतं, त्यामुळे तो लगेच दुसरं माहितीपत्रक पुढे सरकवतो: "काका, मग हा प्लॅन बघा, यात मुदत संपली की सगळे हप्ते परत."

'बुडाले' म्हणताना आपण मनात असं धरून चालतो की ते पैसे कंपनीच्या गल्ल्यात जाऊन बसले. हे खरं आहे की नाही, ते ठरवायचा एकच मार्ग आहे. हप्ता कसा काढतात ते कागद-पेन घेऊन एकदा शेवटपर्यंत करून पाहायचं आणि मुदतीच्या शेवटी गल्ल्यात किती उरतं ते बघायचं. गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजापलीकडे जात नाही. विमा कंपनीचा गणिती, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी, हाच हिशेब तीस-चाळीस वर्षांसाठी आणि बऱ्याच जास्त बारकाव्यांनी करतो. आपण पाच वर्षांचा करू, म्हणजे प्रत्येक वर्ष डोळ्यांसमोर राहील.

माणूस असा धरू: वय ४०, कोथरूडला गृहकर्जावर घेतलेला फ्लॅट, हिंजवडीला नोकरी. त्याला पाच वर्षांसाठी १० लाखांचा विमा हवा आहे. पाच वर्षांत मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख मिळतील. नाही झाला तर काहीच मिळणार नाही. एक कोटीचा विमा हवा असेल तर पुढे येणारा प्रत्येक हप्ता दहाने गुणा, बाकी काही बदलत नाही.

या एका माणसाबद्दल कंपनीला काहीच सांगता येत नाही. तो उद्या जाईल की नव्वदी गाठेल, कोणालाच ठाऊक नाही. पण चाळिशीच्या एक लाख माणसांबद्दल मात्र बरंच काही सांगता येतं, आणि सगळा विमा या एका फरकावर उभा आहे. म्हणून आपणही एक लाख माणसं घेऊ: सगळी चाळीस वर्षांची, सगळ्यांनी एकाच दिवशी हाच विमा घेतलेला.

त्यातली किती जातील? याचं उत्तर मृत्युदर सारणीत मिळतं. त्या त्या वयाच्या हजार माणसांपैकी पुढच्या वाढदिवसाच्या आत किती जण दगावतात, याची ती यादी असते. कल्पना जुनी आहे. धूमकेतूमुळे ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ या शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशी सारणी मांडली आणि तिच्यावरून आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाची किंमत काढून दाखवली. आपल्याकडे इंग्रजांच्या कंपन्या सुरुवातीला भारतीय माणसाकडून गोऱ्या माणसापेक्षा जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. हप्ता किती, हा प्रश्न मुळात 'तुम्हाला कोणत्या सारणीत बसवलं' असा असतो, हे तिथे उघड दिसतं.

आज भारतीय कंपन्या ज्या सारणीचा आधार घेतात ती भारतीय विमाधारकांच्या अनुभवावरून तयार झालेली २०१२–१४ ची सारणी आहे. विमाधारकांच्या, हा शब्द महत्त्वाचा. जनगणनेतल्या सगळ्या लोकसंख्येचा मृत्युदर वेगळा असतो, कारण विमा घेणारा माणूस सहसा कमावता असतो आणि कंपनीने त्याची तब्येत तपासून मगच त्याला आत घेतलेलं असतं.

आपल्या हिशेबासाठी मी गोल आकडे धरतो: चाळिसाव्या वर्षी हजारी १.७ मृत्यू, मग १.८, २.०, २.१ आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी २.३. आकड्यांपेक्षा चढ लक्षात ठेवा. पाच वर्षांत मृत्युदर एक तृतीयांशाहून जास्त वाढला आहे, आणि पन्नाशीनंतर हा चढ आणखी उभा होत जातो.

आता पहिल्या वर्षी लाखातले १७० जण गेले, ९९,८३० उरले. दुसऱ्या वर्षीचा १.८ हा दर या उरलेल्यांना लावायचा, मूळ लाखाला नाही, कारण दुसऱ्या वर्षी मरण्यासाठी पहिलं वर्ष जगावं लागतं. पाच वर्षांत याने फारसा फरक पडत नाही. चाळीस वर्षांच्या मुदतीत मात्र ही गोष्ट विसरलात तर हिशेब पार कोलमडतो.

दुसरी बाब काळाची. कंपनीला पाचव्या वर्षाच्या अखेरीस १ लाख द्यायचे असतील तर आज १ लाख बाजूला काढून ठेवायची गरज नाही. सहा टक्के चक्रवाढ व्याज धरलं तर आज ७४,७२६ रुपये ठेवले की पाच वर्षांनी त्यांचे बरोबर १ लाख होतात. बँकेत मुदत ठेव करताना आपण आज ठेवलेल्या रकमेपासून पुढे मोजत जातो. इथे शेवटची रक्कम ठरलेली आहे, म्हणून उलटं मागे मोजत यायचं. यालाच पाच वर्षांनंतरच्या लाखाचं आजचं मूल्य म्हणतात. दावे वर्षअखेरीस दिले जातात असं धरून पाचही वर्षं अशी मागे आणली की चित्र असं दिसतं. शेवटचे दोन रकाने कोटी रुपयांत आहेत.

| वर्ष | सुरुवातीला हयात | मृत्यू | द्यायचे दावे | त्यांचं आजचं मूल्य |
|---|---|---|---|---|
| १ | १,००,००० | १७० | १७.० | १६.०४ |
| २ | ९९,८३० | १८० | १८.० | १६.०२ |
| ३ | ९९,६५० | १९९ | १९.९ | १६.७१ |
| ४ | ९९,४५१ | २०९ | २०.९ | १६.५५ |
| ५ | ९९,२४२ | २२८ | २२.८ | १७.०४ |

शेवटच्या रकान्याची बेरीज ८२.३६ कोटी. आज एवढी रक्कम हाताशी असेल आणि तिच्यावर सहा टक्के मिळत राहिले, तर पुढच्या पाच वर्षांतले सगळे ९८६ दावे पुरते देता येतात. एक लाख माणसांनी हे वाटून घेतलं की माणशी ८,२३६ रुपये. हा झाला एकरकमी हप्ता. एका माणसाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या घरी कधीकाळी जाऊ शकणाऱ्या १० लाखांना ते जाण्याची शक्यता लावली, व्याज वजा करून आजवर आणलं आणि पाच वर्षांची बेरीज केली. मिळू शकणाऱ्या लाभाचं अपेक्षित आजचं मूल्य ते हेच.

पण एकरकमी हप्ता कोण भरतो? आपल्याला दरवर्षी सारखा हप्ता हवा असतो. इथे घाईत सगळे ८,२३६ ला पाचाने भागून मोकळे होतात: १,६४७ रुपये. आणि हा हप्ता लावणारी कंपनी बुडते. कारणं दोन. चौथा-पाचवा हप्ता उशिरा येतो, तोपर्यंत त्यावर व्याज मिळत नाही. आणि हप्ता फक्त हयात माणूस भरतो. पहिल्या वर्षी गेलेल्या १७० जणांकडून पुढचे चार हप्ते येणारच नाहीत. म्हणजे जी सारणी दाव्यांना लावली तीच हप्त्यांनाही लावायला हवी. आज लाख जण एकेक रुपया देतात, वर्षभराने ९९,८३० जण देतात, त्याला एका वर्षाचं व्याज वजा, आणि असंच पाचव्या हप्त्यापर्यंत. सगळ्यांची आजची बेरीज ४,४४,९७७ रुपये, म्हणजे माणशी ४ रुपये ४५ पैसे. दरवर्षी एक रुपया देण्याचं वचन पाच रुपयांचं नसतं, ४.४५ रुपयांचं असतं. म्हणून ८,२३६ ला पाचाने नाही, ४.४५ ने भागायचं. उत्तर येतं १,८५१ रुपये.

यालाच शुद्ध हप्ता म्हणतात. अट एकच होती: येणाऱ्या हप्त्यांचं अपेक्षित आजचं मूल्य आणि जाणाऱ्या दाव्यांचं अपेक्षित आजचं मूल्य तंतोतंत सारखं असलं पाहिजे. यात कंपनीचा नफा अजून एक रुपयाही धरलेला नाही, खर्चही नाही.

आता गल्ला उघडून पाहू. पहिल्या वर्षी लाख जणांकडून १८.५१ कोटी आले. वर्षभराच्या व्याजाने ते १९.६२ कोटी झाले, १७ कोटींचे दावे दिले, २.६२ कोटी उरले. दुसऱ्या वर्षी त्यात १८.४८ कोटींचे हप्ते मिळाले, व्याज धरून २२.३६ कोटी झाले, १८ कोटी दिले, ४.३६ कोटी उरले. इथे कोणीही म्हणेल की बघा, कंपनीने दोन वर्षांत सव्वाचार कोटींच्या वर कमावले. पण तिसऱ्या वर्षी माणसं कमी होतात आणि मृत्यू वाढतात. त्या वर्षअखेरीस ४.२७ कोटी उरतात. चौथ्याच्या अखेरीस ३.१४. पाचव्या वर्षी १८.३७ कोटींचे हप्ते येतात, आधीचे ३.१४ कोटी मिळवून व्याजासकट २२.८० कोटी होतात, आणि २२.८ कोटींचेच दावे असतात. गल्ला रिकामा.

म्हणजे पाच वर्षांत हप्त्यांचे ९२.२ कोटी जमले, व्याजाचे ६.४ कोटी मिळाले आणि ९८.६ कोटी ९८६ घरांमध्ये गेले. ज्या ९९,०१४ जणांना 'काहीच मिळालं नाही' त्यांचे पैसे कंपनीकडे नाहीतच. ते त्या ९८६ घरांच्या गृहकर्जात, मुलांच्या शाळेच्या फीमध्ये गेले. आपला कोथरूडचा गृहस्थ त्या ९८६ मध्ये नव्हता, पण असू शकत होता, आणि त्या शक्यतेची जी किंमत होती तेवढीच त्याने मोजली.

मधल्या वर्षांत गल्ल्यात जे साचतं त्याला राखीव निधी म्हणतात. तो साचतो कारण सारखा हप्ता हा सुरुवातीच्या वर्षांत त्या वर्षाच्या धोक्यापेक्षा जास्त असतो आणि नंतर कमी पडतो. फक्त एकेका वर्षाचा विमा घेतला असता तर पहिल्या वर्षी १,६०४ रुपये लागले असते आणि पाचव्या वर्षी २,१७०. आपण पाचही वर्षं १,८५१ भरतो, म्हणजे तरुण वयातल्या जादा पैशांतून स्वतःच्याच पुढच्या वयाची तूट भरतो. वयानुसार सारणीवरून काढलेला आणि मुदतभर न बदलणारा हा हप्ता प्रथम लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने १७६२ मध्ये आणला. एकेका वर्षाचा विमा वय वाढेल तसा महाग होत जातो, आणि ज्या वयात गरज सर्वांत जास्त त्याच वयात तो परवडेनासा होतो.

साध्या टर्म विम्यात मध्येच पॉलिसी सोडली तर सहसा काही हातात पडत नाही, त्याचं कारणही इथेच आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ४.३६ कोटी म्हणजे फार मोठी रक्कम वाटते, पण ९९,६५० जणांत वाटली तर माणशी ४३८ रुपये. तेवढ्यातून कंपनीचा पहिल्या वर्षीचा खर्चही निघालेला नसतो.

आता एजंटचा दुसरा प्लॅन. अट अशी: मुदतीत मृत्यू झाला तर १० लाख, नाही झाला तर पाचही हप्ते परत. तुळशीबागेत एकावर एक फुकट म्हणावं तसा तो वाटतो. हिशेब त्याच तराजूत घालू. जाणाऱ्या बाजूला पूर्वीचे ८२.३६ कोटी आहेतच. शिवाय पाच वर्षांनी ९९,०१४ हयात माणसांना प्रत्येकी पाच हप्ते द्यायचे आहेत. त्याचं आजचं मूल्य काढलं तर ते ३,६९,९४५ गुणिले एक हप्ता इतकं येतं. येणाऱ्या बाजूला ४,४४,९७७ गुणिले हप्ता. म्हणजे गोळा होणाऱ्या प्रत्येक ४४५ रुपयांतले ३७० परत करण्यासाठीच बांधलेले आहेत. खऱ्या विम्यासाठी उरतात फक्त ७५. आणि या ७५ च्या वाट्यातून ते ८२.३६ कोटी उभे करायचे आहेत. भागाकार केला की हप्ता येतो १०,९७६ रुपये.

१,८५१ च्या जागी १०,९७६. विमा तोच, १० लाखांचाच. जे ५४,८८० रुपये 'परत' मिळतात ते दरवर्षी जादा भरलेल्या ९,१२५ रुपयांवर व्याज चढून तयार झालेले आहेत. विमा फुकट मिळालेला नाही, त्याचा हप्ता तुमच्याच ठेवीच्या व्याजातून कापला गेला आहे. खऱ्या बाजारात मुदत तीस वर्षांची असते, व्याजाला वाढायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे दोन हप्त्यांमधली तफावत एवढी भयंकर दिसत नाही. हिशेबाचा सांगाडा मात्र हाच.

मला या तुलनेतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळी वाटते. व्याजदर सहाऐवजी पाच टक्के धरून पाहा. साधा टर्म हप्ता १,८५१ चा १,८७१ होतो, वीस रुपयांचा फरक. हप्तापरतीचा हप्ता १०,९७६ वरून १३,०१७ वर जातो, दोन हजारांहून जास्त फरक. साध्या टर्ममध्ये दावे आणि हप्ते दोन्हीही मागे आणले जातात, त्यामुळे व्याजाचा परिणाम बराचसा एकमेकांत विरतो आणि हप्ता ठरतो तो मृत्युदरावर: मृत्युदर दहा टक्क्यांनी वाढला की हप्ताही जवळपास दहा टक्क्यांनी वाढतो. हप्तापरतीत मात्र सगळा भार व्याजावर येतो. म्हणजे दोन्ही पॉलिसींवर विमा असं लिहिलेलं असलं तरी पहिली आयुष्याबद्दलचा करार आहे आणि दुसरी मुख्यतः मुदत ठेव आहे. दुसरी वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिस्तीने पैसे बाजूला पडावेत म्हणून कोणी घेत असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण तिला ठेवीच्याच मापाने मोजलं पाहिजे.

हे सगळं कुठे फसतं? पहिली जागा म्हणजे माणसांची संख्या. कल्पना करा की कोथरूडच्या आठ-दहा सोसायट्यांनी ठरवलं, कंपनी कशाला हवी, चाळिशीचे हजार जण मिळून भिशीसारखा निधी काढू. प्रत्येकी १,८५१, म्हणजे १८.५१ लाख जमले. सरासरी १.७ मृत्यू, म्हणजे १७ लाख लागतील. कागदावर चोख. पण माणसं १.७ मरत नाहीत. एखाद्या वर्षी कोणीच जाणार नाही, असं साधारण साडेपाच वर्षांतून एकदा घडेल. आणि चार किंवा अधिक जण जातील असं साधारण अकरा वर्षांतून एकदा घडेल. तसं झालं की ४० लाख हवेत आणि हातात वीसही नाहीत. लाख जणांत अपेक्षित मृत्यू १७०, आणि नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार तेरा-चौदाचा. वीसपैकी एकोणीस वर्षी आकडा १४४ ते १९६ च्या आत पडतो. शंभरपट माणसं घेतली तर चढउतार दहापटच वाढतो, म्हणून मोठ्या कंपनीला झोप लागते आणि सोसायटीच्या खजिनदाराला लागणार नाही.

हीच पट्टी कंपनी चूक ओळखायलाही वापरते. दरवर्षी झालेले मृत्यू आणि सारणीप्रमाणे व्हायला हवे होते ते मृत्यू शेजारी मांडतात. १७० च्या जागी १८० झाले तर कोणी डोकं खाजवत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षं दोनशेच्या वर गेले तर तो योगायोग राहत नाही. आत आलेली माणसं सारणीतल्या माणसांसारखी नाहीत, असा त्याचा अर्थ.

दुसरी फसगत तिथूनच येते. आपल्या तब्येतीबद्दल कंपनीपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं. समजा सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्युदर दुप्पट आहे आणि कंपनीने सगळ्यांना एकच हप्ता लावला. ओढणाऱ्याला तो स्वस्त, तो धावत येईल. न ओढणाऱ्याला महाग, तो दुसरीकडे जाईल. निम्मे ग्राहक ओढणारे झाले की सरासरी मृत्युदर दीडपट होतो, हप्ता वाढवावा लागतो, आणि मग उरलेले निरोगीही निघून जातात. रक्ततपासणी, ईसीजी, प्रस्तावातले लांबलचक प्रश्न हे सगळं यासाठी. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, त्यामुळे कंपनीला जी चौकशी करायची ती त्याआधीच करावी लागते. तपासणीचा एक परिणाम हिशेबातही दिसतो: नुकतीच तपासणी होऊन आत आलेला चाळिशीचा माणूस, दहा वर्षांपूर्वी आत आलेल्या चाळिशीच्या माणसापेक्षा पहिली काही वर्षं कमी दगावतो.

तिसरी जागा सर्वांत कठीण. लाख माणसांचा आधार तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी संबंध नसतो. महासाथीत हे तुटतं. २०२० आणि २०२१ मध्ये सगळीकडे एकाच वेळी मृत्यू वाढले. तिथे दहा लाख माणसं असती तरी सरासरीने वाचवलं नसतं, कारण सरासरीच हलली होती. अशा वेळेसाठी कंपन्या आपल्या धोक्याचा वाटा पुनर्विमा कंपन्यांकडे देतात. त्यांनी नंतर दर वाढवले आणि आपल्याकडे टर्मचे नवे हप्ते चढले. आधी घेतलेल्यांचे हप्ते जिथल्या तिथे राहिले, कारण ते मुदतभरासाठी बांधलेले असतात. म्हणूनच अ‍ॅक्च्युअरी सुरुवातीलाच मृत्युदर थोडा जास्त आणि व्याज थोडं कमी धरतो: एकदा दिलेला भाव त्याला तीस वर्षं मोडता येत नाही.

माहितीपत्रकातला हप्ता १,८५१ पेक्षा जास्त का असतो, हे आता थोडक्यात सांगता येईल. एक, माणसं वर्षअखेरीची वाट पाहत नाहीत. दावा सरासरी सहा महिने आधी येतो, त्यासाठी जवळपास तीन टक्के वाढवले की सुमारे १,९०५ रुपये होतात. त्यावर वैद्यकीय तपासणी, एजंटचं कमिशन, कार्यालयाचा खर्च, वर सांगितलेली सावधगिरी आणि नफा. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून उरलेला नाही, त्यामुळे जुन्या पावतीशी तुलना करताना तो वजा करा.

हा वरचा भार नेमका किती, ते कंपनी पत्रकावर छापत नाही. पण हप्तापरतीच्या प्लॅनमधल्या ठेवीवर तुम्हाला खरोखर किती व्याज मिळतंय, ते घरी काढता येतं. एकाच कंपनीकडून, एकाच वयाला, एकाच मुदतीसाठी आणि विमा रकमेसाठी दोन्ही प्लॅनचे भाव घ्या. वजाबाकी करा. ती तुमची दरवर्षीची ठेव. शेवटी परत मिळणारी रक्कम ही तिची परतफेड. एक्सेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये आपल्या उदाहरणासाठी हे सूत्र घाला:

```
=RATE(5,-9125,0,54880,1)
```

उत्तर येतं साधारण ६.२ टक्के. शेवटचा 1 म्हणजे हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला. सहावरचं ते पाव टक्का कुठून आलं? मुदतीत गेलेल्या ९८६ जणांच्या घरी विम्याचे १० लाख गेले, पण त्यांनी भरलेले जादा हप्ते परत गेले नाहीत. ते हयात असलेल्यांत वाटले गेले. आपल्या उदाहरणात खर्च आणि नफा शून्य धरला होता, म्हणून दर सहाच्या वर राहिला. खऱ्या पत्रकातले आकडे घालाल तेव्हा ते दोन्ही याच ठेवीतून गेलेले असतात. पाचच्या जागी मुदतीची वर्षं, ९१२५ च्या जागी तुमची वजाबाकी आणि ५४८८० च्या जागी परतीची रक्कम घाला, आणि जो दर येईल तो त्या दिवशी तुमची बँक किंवा टपाल खातं त्याच मुदतीसाठी जे देतंय त्याच्या शेजारी लिहा.